फुकटचे उशिराचे भाव की रिअल टाइम डेटा: ऑर्डर पाठवणाऱ्या रूटीनच्या दृष्टीने

शेअरचे भाव वाचून स्वतःहून काही करणारे छोटे रूटीन ज्यांनी लिहिले आहे किंवा लिहायला घेतले आहे, त्यांच्यासमोर एक प्रश्न लवकरच उभा राहतो. फुकट मिळणारे, साधारण 15 मिनिटे उशिराचे भाव आपल्या कामाला पुरतील का, की दरमहा पैसे भरून रिअल टाइम फीड घ्यावी? मी सुरुवातीला बराच काळ उशिराच्या भावांवर काम केले, नंतर रिअल टाइम फीड घेतली, आणि आजही दोन्ही वापरतो. त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले आहे हे आधीच सांगतो. मात्र ते ज्या कारणाने झुकले, ते कारण प्रत्येकाला लागू होईलच असे नाही.

हा आढावा पडद्यावर तक्ते पाहणाऱ्यांसाठी नाही. डोळ्यांनी भाव पाहणारा माणूस उशीर लक्षात ठेवून अंदाज बांधू शकतो, शंका आली तर थांबतो. रूटीनला शंका येत नाही. त्याला जो आकडा मिळतो तोच त्याच्यासाठी आत्ताचा भाव असतो, आणि म्हणूनच उशिराचा परिणाम रूटीनवर वेगळ्या प्रकारे होतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. हा उशीर यंत्रणा संथ असल्यामुळे होत नाही. ताजे भाव हा शेअर बाजारांच्या विक्रीचा माल आहे. ते दाखवायचे तर बाजाराशी करार करून शुल्क भरावे लागते, आणि तेच भाव ठरावीक वेळ उलटल्यावर दाखवले तर ते शुल्क लागत नाही किंवा फार कमी लागते. म्हणून भाव मुद्दाम रोखून धरले जातात. हा काळ बहुतेक ठिकाणी 15 मिनिटांचा असतो, काही बाजारांत 10 किंवा 20 मिनिटांचाही असतो. याचा एक परिणाम असा की उशिराची फीड दिसायला मुळीच सदोष नसते. तिच्यातला प्रत्येक आकडा खरा असतो, क्रम बरोबर असतो, भाव दर सेकंदाला हलत असतात. फक्त सगळा प्रवाह 15 मिनिटे मागे सरकवलेला असतो. फीड बंद पडली तर रूटीनला ते कळू शकते. ती मागे आहे हे मात्र निव्वळ भाव पाहून कळत नाही.

उशिराचे भाव जिथे पुरतात

दिवसातून एकदा, बाजार बंद झाल्यावर चालणाऱ्या रूटीनसाठी रिअल टाइम डेटावर पैसे खर्च करू नयेत, असे मी मोकळेपणाने सांगेन. गुंतवणुकीचे दिवसअखेरचे मूल्य काढणे, सरासऱ्या मोजणे, दुसऱ्या दिवशी सकाळी लावायच्या ऑर्डरींची यादी तयार करणे, महिन्यातून एकदा ठरलेल्या प्रमाणानुसार फेरजुळणी करणे, या सगळ्या कामांत 15 मिनिटांना काही अर्थ नसतो. माझे असे एक रूटीन सुमारे 60 शेअर तपासते आणि आजही फुकटच्याच भावांवर चालते.

तिथेही दोन जागा सांभाळाव्या लागतात. पहिली बाजार बंद होण्याची वेळ. बाजार बंद झाल्यावर 1 मिनिटाने रूटीन चालवले तर उशिराच्या फीडमध्ये शेवटची 15 मिनिटे अजून आलेलीच नसतात, आणि ज्याला आपण बंद भाव समजून साठवतो तो बंद भाव नसतोच. शिवाय अनेक बाजारांत अधिकृत बंद भाव शेवटच्या सौद्यावरून ठरत नाही. तो समाप्तीच्या लिलावात किंवा शेवटच्या काही काळाच्या सरासरीवरून ठरतो, आणि त्याला आणखी थोडा वेळ लागतो. मी माझे रूटीन बाजार बंद झाल्यानंतर तासाभराने चालवतो आणि तेव्हापासून मला साठवलेले आकडे दुरुस्त करावे लागलेले नाहीत. दुसरी जागा बाजार उघडण्याची. पहिली 15 मिनिटे उशिराच्या फीडमध्ये बहुधा कालचाच भाव दिसत राहतो किंवा रकाना रिकामा येतो. त्या काळात ‘कालच्या तुलनेत बदल’ शून्य टक्के निघतो. बाजार मोठ्या फरकाने उघडलेला असला तरी रूटीन सर्व शांत असल्याचे नोंदवते.

केवळ सूचना पाठवणारे रूटीनही उशिराच्या भावांवर चालू शकते, मात्र मर्यादा रुंद ठेवाव्या लागतात. किती रुंद, याचा एक ढोबळ हिशेब मी करतो. एखाद्या शेअरची दिवसाची नेहमीची हालचाल 2 टक्के आहे असे धरू. सव्वासहा तासांच्या कामकाजात 15 मिनिटांचे 25 तुकडे पडतात. हालचाल वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते असे मानले तर एका तुकड्यातली नेहमीची हालचाल 2 भागिले 5, म्हणजे 0.4 टक्के येते. यावरून 5 टक्क्यांच्या घसरणीची सूचना 15 मिनिटे उशिरा आली तरी चालेल असे वाटते, आणि बहुतेक दिवस ते खरेही असते. अडचण अशी की सूचना यावी असे काही घडते ते दिवस नेहमीचे नसतात. ज्या दिवशी मर्यादा ओलांडली जाते त्याच दिवशी 15 मिनिटांत 0.4 ऐवजी 2 किंवा 3 टक्क्यांची हालचाल होते. म्हणून हा हिशेब मी सूचनेपुरताच वापरतो, ऑर्डरसाठी नाही.

ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला

उशिराच्या भावांवर ऑर्डर पाठवणारे रूटीन चालवताना मला वाटत होते की वाईटात वाईट काय होईल, तर संधी थोडी उशिरा कळेल. प्रत्यक्षात जे घडले ते वेगळेच होते. त्याचे मूळ असे की भाव उशिराचे असले तरी आपल्या स्वतःच्या ऑर्डरींची माहिती उशिराची नसते. ऑर्डर पूर्ण झाली, कोणत्या भावाला झाली, आता हातात किती शेअर आहेत, हे सगळे ब्रोकर त्याच क्षणी कळवतो. म्हणजे एकाच रूटीनमध्ये दोन घड्याळे चालू असतात. सौदे आत्ताच्या घड्याळावर आणि भाव 15 मिनिटे मागच्या घड्याळावर. ही दोन घड्याळे एकाच सूत्रात आली की त्या सूत्राचे उत्तर कोणत्याच वेळेचे राहत नाही.

माझे नियम साधे होते. कालच्या बंद भावापेक्षा शेअर 2 टक्के किंवा अधिक खाली आला आणि हातात शेअर नसतील तर 10 शेअर घ्यावेत. खरेदीच्या भावावर 1.5 टक्के नफा दिसला की विकावेत. 3 टक्के तोटा दिसला तरी विकावेत. रूटीन दर मिनिटाला एकदा चालत असे. खालच्या उदाहरणात आकडे सोपे केले आहेत, घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच आहे.

कालचा बंद भाव 100 होता. सकाळी 11:05 ला खरा भाव 98.00 झाला आणि त्यानंतर आधी हळूहळू, मग वेगाने घसरत गेला. माझ्या फीडमध्ये 98.00 हा आकडा 11:20 ला आला. रूटीनने 98.10 ची खरेदीची लिमिट ऑर्डर पाठवली. त्या क्षणी खरा भाव 96.40 होता, त्यामुळे ऑर्डर लगेच 96.40 ला पूर्ण झाली. इथपर्यंत पाहिले तर तक्रारीला जागा नाही, उलट अपेक्षेपेक्षा स्वस्तात खरेदी झाली होती.

11:21 ला रूटीन पुन्हा चालले. फीडमध्ये 11:06 चा भाव आला, 97.95. खरेदी 96.40 ची, भाव 97.95, म्हणजे 1.6 टक्के नफा. नियमाप्रमाणे विक्रीची ऑर्डर गेली आणि ती खऱ्या बाजारात 96.30 ला पूर्ण झाली. 11:22 ला फीडमधला भाव 97.90 होता, हातात शेअर नव्हते, म्हणून पुन्हा खरेदी झाली, 96.35 ला. 11:23 ला फीडने 97.85 दाखवले, पुन्हा 1.5 टक्क्यांहून अधिक नफा दिसला, पुन्हा विक्री, 96.25 ला. 11:24 ला तिसरी खरेदी 96.30 ला झाली. 11:25 ला मात्र फीडमधला भाव 97.40 पर्यंत उतरला होता, नफा 1.5 टक्क्यांखाली दिसला आणि ते चक्र थांबले.

5 मिनिटांत 5 ऑर्डरी गेल्या. त्यातला एकही निर्णय बाजारातल्या कोणत्याही खऱ्या क्षणाला धरून नव्हता, कारण नफा म्हणून जे दिसत होते ते 15 मिनिटांपूर्वीचा भाव आणि आत्ताची खरेदी यांच्यातले अंतर होते. शेअर सतत घसरत असताना रूटीनला दोनदा नफा दिसला. पैशांचे नुकसान मोठे नव्हते, शेअरमागे 20 शतांश आणि 5 वेळची दलाली. पण शेअर 10 ऐवजी 1000 असते किंवा घसरण आणखी अर्धा तास चालली असती तर काय झाले असते, हा विचार मला बरेच दिवस सोडत नव्हता. आणि जी तिसरी खरेदी हातात राहिली होती तिचा 3 टक्क्यांचा तोटा-नियमसुद्धा त्याच मागच्या घड्याळावर अवलंबून होता. 93.41 चा भाव खऱ्या बाजारात येऊन गेल्यावर 15 मिनिटांनी रूटीनला तो दिसला असता आणि तेव्हा जो भाव असेल त्या भावाला त्याने विकले असते.

मला ते लगेच कळले नाही, हे अधिक त्रासदायक होते. माझ्या लॉगमध्ये लिहिले होते, ‘97.95 ला विक्री, नफा 1.6 टक्के’. ब्रोकरच्या नोंदीत त्याच सौद्याचा भाव 96.30 होता. दोन्हींतला 1.65 चा फरक पाहून मला आधी वाटले की ऑर्डर पूर्ण होताना भाव घसरतो तशातला हा प्रकार असावा, आणि मी दोन दिवस ऑर्डरीचा प्रकार बदलून पाहत बसलो. उलगडा वेगळ्या वाटेने झाला. आपला स्वतःचा सौदा हा रिअल टाइम भावाचा फुकट मिळालेला नमुना असतो. 11:20 ला 96.40 ला सौदा झाला असेल, तर तो भाव बाजारात 11:20 ला होता हे निश्चित. मग फीडच्या लॉगमध्ये 96.40 केव्हा आला ते शोधायचे. तो 11:35 ला आला होता. 96.30 हा भाव 11:36 ला. प्रत्येक सौदा आणि फीड यांत नेमके 15 मिनिटांचे अंतर निघाले. ज्यांना आपल्या फीडचा खरा उशीर मोजायचा असेल त्यांनी ही पद्धत जरूर वापरावी. पुरवठादार काय सांगतो यापेक्षा ती अधिक विश्वासार्ह आहे, फक्त तुलनेसाठी भाव वेगाने हलत असलेला काळ निवडावा, कारण स्थिर काळात तोच आकडा अनेक मिनिटे दिसतो आणि अंतर ठरवता येत नाही.

वेळेचा शिक्का

हे सगळे टाळता आले असते का? प्रत्येक भावासोबत तो बाजारात केव्हा ठरला ती वेळ आली असती, तर नक्कीच. माझ्या त्या फुकटच्या फीडमध्ये वेळेचा रकाना होता, आणि मी तो तपासतही होतो. पण त्यात सौद्याची वेळ नव्हती. भाव माझ्याकडे पाठवला गेला ती वेळ होती. 11:06 चा भाव 11:21 चा शिक्का घेऊन येत होता. माझी तपासणी दर मिनिटाला यशस्वी होत होती आणि तिला काहीच अर्थ नव्हता. फुकटच्या भावांबद्दल माझी खरी तक्रार 15 मिनिटांची नाही, या शिक्क्याची आहे. उशीर किती आहे हे प्रामाणिकपणे सांगणारी फीड असेल तर तिच्या भोवती सुरक्षित रूटीन रचता येते. जी सांगत नाही तिच्यावर ऑर्डर सोपवता येत नाही.

सगळेच पुरवठादार असे वागतात असे मला म्हणायचे नाही. गुगल शीट्समध्ये `GOOGLEFINANCE` हे फंक्शन वापरणाऱ्यांना ठाऊक असेल की भाव 20 मिनिटांपर्यंत उशिराचे असू शकतात, पण शेवटच्या सौद्याची वेळ आणि उशीर हे दोन्ही वेगळे मागता येतात:

```
=GOOGLEFINANCE(A2,"tradetime")
=GOOGLEFINANCE(A2,"datadelay")
```

इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्सच्या एपीआयमध्ये तर उशिराचे भाव वेगळ्या क्रमांकानेच येतात. ताज्या शेवटच्या भावाचा क्रमांक 4 आहे आणि उशिराच्या शेवटच्या भावाचा 68, त्यामुळे रूटीनला दोन्हींत गल्लत न करण्याची सोय मिळते. अर्थात लिहिणाऱ्याने दोन्ही क्रमांक एकाच चलात भरले तर ती सोयही वाया जाते.

लिमिट ऑर्डरीचे संरक्षण कितपत

उशिराच्या भावांच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद केला जातो की मार्केट ऑर्डर न देता लिमिट ऑर्डर द्यावी, म्हणजे उशिरामुळे जास्त पैसे मोजावे लागत नाहीत. हे अर्धे खरे आहे. वरच्या उदाहरणात 98.10 ची लिमिट असूनही खरेदी 96.40 ला झाली, म्हणजे जास्त पैसे खरोखरच गेले नाहीत. पण कोणत्या वेळी ऑर्डर पूर्ण होते ते पाहावे. 15 मिनिटांत शेअर सावरून 99.20 वर गेला असेल तर 98.10 ची ऑर्डर तशीच पडून राहते. तो तिथेच असेल किंवा आणखी घसरला असेल तरच ती पूर्ण होते. माझे रूटीन घसरणीनंतर सावरणाऱ्या शेअरच्या शोधात होते, आणि जे शेअर पटकन सावरले तेच नेमके उशिरामुळे निसटत होते. हातात येत होते ते न सावरलेले. लिमिट ऑर्डर एका सौद्यातला भाव सांभाळते, पण कोणते सौदे आपल्या वाट्याला येतील ही निवड उशीरच करतो. काही महिन्यांच्या नोंदी चाळल्या तेव्हा मला हे जाणवले. मी ते काटेकोरपणे मोजलेले नाही, तरी पूर्ण न झालेल्या ऑर्डरींची यादी पूर्ण झालेल्यांपेक्षा अधिक चांगली दिसत होती एवढे नक्की.

पैसे भरण्यापूर्वी हे स्वतः पडताळून पाहता येते. बहुतेक जण जुन्या भावांवर आपले नियम तपासतात तेव्हा नकळत उशीर शून्य धरतात. एका मिनिटाचे जुने भाव हाताशी असतील तर एका ओळीने खरी परिस्थिती उभी करता येते:

```python
df["seen"] = df["close"].shift(15)
```

नियमांनी निर्णय `seen` पाहून घ्यायचा आणि सौदा मात्र `close` ला झाला असे धरायचे. खरेदीचा भाव, हातातले शेअर आणि नफ्याचे गणित यांपैकी काय कोणत्या घड्याळावर आहे ते चाचणीतही जसेच्या तसे ठेवायचे, नाहीतर वर सांगितलेले चक्र तिथे दिसणारच नाही. एक सावधगिरी अशी की ही ओळ 15 रांगा मागे जाते, 15 मिनिटे नव्हे. ज्या शेअरमध्ये काही मिनिटे सौदेच होत नाहीत तिथे मधल्या रांगा गाळलेल्या असतात, म्हणून आधी त्या भरून घ्याव्या लागतात. शून्य उशिराची आणि 15 मिनिटांच्या उशिराची अशी दोन्ही उत्तरे जवळपास सारखी आली तर तुमच्या नियमांना रिअल टाइम डेटाची गरज नाही, आणि मी काहीही म्हणालो तरी त्या उत्तरावर विश्वास ठेवावा.

ज्यांना उशिराच्या भावांवरच राहायचे आहे त्यांच्यासाठी सर्वांत मोठा बदल एकच आहे. पहारा रूटीनकडून काढून ब्रोकरकडे द्यावा. खरेदी पूर्ण झाली की लगेच स्टॉप लॉस आणि नफ्याची विक्री या दोन्ही ऑर्डरी ब्रोकरच्या यंत्रणेत लावून ठेवाव्यात, आणि एक पूर्ण झाली की दुसरी आपोआप रद्द होईल अशी जोडी मिळत असेल तर ती घ्यावी. त्या ऑर्डरी ताज्या भावांवर जाग्या होतात, रूटीनची फीड कितीही मागे असली तरी. त्यांचे भाव ठरवताना फक्त सौद्याचा भाव वापरावा, फीडचा नव्हे. वरच्या उदाहरणात फीडच्या 98.00 वरून 1 टक्का खाली, म्हणजे 97.02 ला स्टॉप लावला असता, तर खरा भाव आधीच 96.40 असल्यामुळे ती ऑर्डर नाकारली गेली असती किंवा लावताक्षणी विक्री झाली असती. याशिवाय एका शेअरमध्ये एक सौदा झाला की पुढची निदान 20 मिनिटे तिथे नवा निर्णय घ्यायचा नाही, हा नियम घालावा. त्यामुळे खरेदी-विक्रीचे ते चक्र तुटते, कारण फीड आपल्या सौद्याच्या क्षणापर्यंत येऊन पोहोचल्यावरच रूटीन पुन्हा विचार करते.

मी या दोन्ही गोष्टी केल्या आणि रूटीन सुरक्षित झाले. मात्र त्यानंतर त्यात जे उरले ते पाहिले तर ते दिवसातून काही वेळा ऑर्डर मांडणारे रूटीन होते, बाजाराकडे पाहणारे नव्हते. ज्याला तेवढेच हवे आहे त्याने तिथे समाधानाने थांबावे. मला विक्रीचा निर्णय भावाच्या वाटचालीनुसार बदलायचा होता, म्हणून मी पुढे गेलो.

रिअल टाइमच्या बाजूला काय आढळले

रिअल टाइम फीड घेतल्यावर त्या नफ्याच्या गणितातला दोष पहिल्याच दिवशी नाहीसा झाला. सौद्याचा भाव आणि फीडचा भाव यांत आता शतांशांचा फरक राहतो आणि तो खरोखर ऑर्डर पूर्ण होतानाचा फरक असतो, त्यामुळे तो मोजण्याजोगा झाला. माझ्यासाठी खर्चाचे समर्थन एवढ्यावरच झाले. खर्चाबद्दल इतकेच सांगतो की अनेक बाजार खासगी गुंतवणूकदार आणि व्यावसायिक यांच्यासाठी वेगळे दर ठेवतात आणि फरक मोठा असतो, म्हणून अर्ज भरताना आपण कोणत्या गटात मोडतो ते नीट वाचावे. मला रोज ऑर्डर पाठवायची असते ती मोजक्या शेअरमध्ये, तेही एकाच बाजारातल्या. तेवढ्यापुरतीच फीड घेतल्याने खर्च आटोक्यात राहिला.

‘रिअल टाइम’ या शब्दाचा अर्थही सगळीकडे एक नसतो. काही स्वस्त किंवा फुकट फीड ताज्या असतात, पण एकाच शेअरचे सौदे अनेक बाजारांत होत असताना त्यांपैकी एकाच बाजाराचे भाव देतात. तिथे भाव ताजा असतो, परंतु कमी उलाढालीच्या शेअरमध्ये तो बाजाराचा पूर्ण भाव नसतो. काही फीड प्रत्येक सौदा न पाठवता सेकंदातून काही वेळा गोळाबेरीज पाठवतात. मिनिटाला एकदा चालणाऱ्या रूटीनला त्याने काही बिघडत नाही.

खरा धोका वेगळा आहे, आणि तो उशिराच्या फीडपेक्षाही फसवा आहे असे मला वाटते. रिअल टाइमची परवानगी काही कारणाने गेली तर काही ठिकाणी फीड बंद होत नाही, ती निमूटपणे उशिराची होते. महिन्याचे शुल्क कापले गेले नाही, नवा करारपत्राचा मसुदा स्वीकारायचा राहिला, किंवा त्याच खात्याने दुसऱ्या यंत्रावर प्रवेश केला आणि ताजे भाव एका वेळी एकाच ठिकाणी देण्याचा नियम असला, एवढेही कारण पुरते. माझ्या बाबतीत तिसरे घडले. मी फोनवर सहज खाते उघडले आणि घरच्या संगणकावरचे रूटीन 15 मिनिटे मागे गेले. रिअल टाइम डेटावर विसंबून ज्या सुरक्षा काढून टाकलेल्या असतात, त्या नेमक्या अशा वेळी हव्या असतात.

म्हणून ऑर्डर पाठवण्यापूर्वी भावाचे वय तपासणे दोन्ही बाजूंना आवश्यक आहे. सोपा उपाय म्हणजे आत्ताच्या वेळेतून सौद्याची वेळ वजा करणे. पण कमी उलाढालीच्या शेअरमध्ये शेवटचा सौदा खरोखरच 10 मिनिटांपूर्वीचा असू शकतो, मग फीड मागे आहे की शेअर शांत आहे हे कळत नाही. मी त्यासाठी त्या शेअरकडे पाहतच नाही. त्याच फीडमधून, त्याच बाजारातला एक अत्यंत उलाढालीचा शेअर फक्त तपासणीसाठी घेतो. त्यात दर सेकंदाला सौदे होतात, त्यामुळे त्याच्या शेवटच्या सौद्याचे वय हेच फीडचे वय असते.

```python
age = (now - probe.trade_time).total_seconds()
can_send = age < 30
```

30 सेकंद ही मर्यादा माझ्या अनुभवाने ठरलेली आहे. इथे `trade_time` ही बाजाराने दिलेली सौद्याची वेळ असली पाहिजे, आणि `now` अचूक राहण्यासाठी संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरच्या वेळेशी जुळवलेले असले पाहिजे. दोन्ही वेळा एकाच टाइम झोनमध्ये आहेत याची खात्री करावी, नाहीतर वय ऋण निघू शकते आणि ऋण संख्या 30 पेक्षा कमी असल्यामुळे तपासणी आनंदाने पास होते. मी नंतर ऋण वयालाही नकार द्यायला लावले.

सध्याची माझी मांडणी अशी आहे. 60 शेअरची दिवसअखेरची तपासणी फुकटच्या भावांवर होते आणि ती ऑर्डर पाठवू शकत नाही, तिच्याकडे ब्रोकरच्या खात्याची किल्लीच दिलेली नाही. ती रात्री मोजक्या नावांची यादी तयार करते. दुसऱ्या दिवशी त्या मोजक्या नावांचे भाव रिअल टाइम फीडमधून घेतले जातात आणि ऑर्डर पाठवण्याचा अधिकार फक्त त्या रूटीनला आहे. तरीही प्रत्येक खरेदीनंतर ब्रोकरकडे स्टॉप लॉस लावला जातो. `can_send` खोटे ठरले की रूटीन नव्या ऑर्डरी थांबवते, पडून असलेल्या खरेदीच्या ऑर्डरी रद्द करते, स्टॉप लॉसला हात लावत नाही आणि मला संदेश पाठवते. आतापर्यंत असे काही मोजक्या वेळा झाले आहे, आणि बहुतेक वेळा कारण तेच होते, मी फोनवर खाते उघडले होते. आता बाजार चालू असताना मी फोनवरून त्या खात्यात जात नाही.